गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात कुठे जाईल? मार्कोव्ह साखळीची पार्श्वभूमी

संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकांत एक उदाहरण हमखास भेटतं. एका वस्तीत दोन किराणा दुकानं आहेत, एक जुनं आणि एक नुकतंच उघडलेलं. वस्तीतली १००० कुटुंबं दर आठवड्याला या दोनपैकी एका दुकानातून सामान भरतात. या आठवड्यात जुन्या दुकानात गेलेल्या दर १०० कुटुंबांपैकी ८० पुढच्या आठवड्यातही तिथेच येतात, २० नव्याकडे जातात. नव्या दुकानाची ७० टिकतात, ३० जुन्याकडे परततात. काही महिन्यांनी कोणाकडे किती गिऱ्हाईक उरेल, असा प्रश्न असतो. उत्तर चार ओळींत निघतं, त्यामुळे हे गणित आलं कुठून हे सांगायचं राहून जातं. त्याचं मूळ आहे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात पेटलेल्या एका वादात, आणि तो वाद माणसाच्या इच्छास्वातंत्र्याबद्दल होता.

आधी गणित पाहू, म्हणजे वाद नेमका कशावर होता ते कळेल. कुटुंब कोणत्या दुकानात आहे ही त्याची ‘स्थिती’. एका स्थितीतून दुसरीत जाण्याचं प्रमाण ज्या चौकटीत मांडतात तिला संक्रमण मॅट्रिक्स म्हणतात. ओळ म्हणजे हा आठवडा, स्तंभ म्हणजे पुढचा:

```
         जुनं    नवं
जुनं     ०.८     ०.२
नवं      ०.३     ०.७
```

प्रत्येक ओळीची बेरीज १ येते, कारण कुटुंब कुठे ना कुठे जाणारच. नवं दुकान उघडलं तेव्हा सगळी १००० कुटुंबं जुन्याकडे होती असं धरू. पहिल्या आठवड्यानंतर जुन्याकडे ८०० उरतात. दुसऱ्यानंतर त्या ८०० मधली ६४० आणि नव्याच्या २०० मधून परतलेली ६०, अशी ७००. मग ६५०, मग ६२५. आकडा ६०० कडे सरकतोय, आणि ६०० पासूनचं अंतर दर आठवड्याला निम्मं होतंय: ४००, २००, १००, ५०, २५. हा ‘निम्मा’ मॅट्रिक्समध्येच दडलेला आहे. जुन्यात टिकण्याचं प्रमाण ०.८, नव्यातून जुन्यात येण्याचं ०.३, आणि त्यांची वजाबाकी ०.५. ही वजाबाकी जितकी लहान, तितकी सुरुवातीची परिस्थिती लवकर पुसली जाते. सगळी कुटुंबं नव्याकडे होती असं धरून सुरुवात केली, तरी जुन्याकडचा आकडा ०, ३००, ४५०, ५२५ असा चढत ६०० वरच पोचतो. तिथे पोचल्यावर दर आठवड्याला जुन्याकडून १२० कुटुंबं जातात आणि नव्याकडून १२० येतात. ये-जा थांबत नाही, गल्ल्यावर मात्र ती दिसत नाही.

आता एकाच कुटुंबाकडे पाहा. ते या आठवड्यात कुठे जाईल हे मागच्या आठवड्यावर अवलंबून आहे, म्हणजे त्याच्या फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. तरीही दोन-तीन वर्षांचा हिशोब काढला तर साधारण ६० टक्के आठवडे ते जुन्या दुकानात गेलेलं दिसेल. अवलंबून असलेल्या घटनांचीही सरासरी स्थिरावते. आज हे वाक्य साधं वाटतं. १९०२ मध्ये मॉस्कोच्या पावेल नेक्रासोव्ह यांनी याच्या बरोब्बर उलटं प्रतिपादन केलं होतं.

नेक्रासोव्ह गणिताकडे वळले ते धर्मशास्त्राच्या शाळेत शिकून. एकोणिसाव्या शतकात विवाह, गुन्हे, आत्महत्या यांचे वार्षिक आकडे गोळा होऊ लागले होते आणि ते वर्षानुवर्षं जवळपास सारखेच येत. माणसं आपल्या मर्जीने वागतात तर आकडे असे बांधल्यासारखे कसे, हा प्रश्न विचारवंतांना छळत होता. नेक्रासोव्ह यांनी उत्तर बृहत्संख्येच्या नियमात शोधलं. याकोब बर्नुली यांचा हा नियम १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतंत्र घटना पुष्कळ वेळा घडू दिल्या की त्यांची सरासरी स्थिरावते, असं तो सांगतो. नेक्रासोव्ह म्हणाले की सरासरी स्थिरावायला स्वातंत्र्य आवश्यकच आहे. समाजाच्या आकडेवारीत सरासरी स्थिर दिसते, त्याअर्थी माणसांच्या कृती स्वतंत्र आहेत, त्याअर्थी इच्छास्वातंत्र्य खरं आहे.

सेंट पीटर्सबर्गचे आंद्रेई मार्कोव्ह यांना हा युक्तिवाद सहन होणं शक्य नव्हतं. ते कट्टर निरीश्वरवादी होते. चर्चने टॉलस्टॉय यांना बहिष्कृत केल्यावर काही वर्षांनी, १९१२ मध्ये, त्यांनी मलाही बहिष्कृत करा असा अर्ज स्वतःहून केला होता. पण नेक्रासोव्ह यांना त्यांनी उत्तर दिलं ते निव्वळ गणिताने. बर्नुलींनी दाखवलं होतं ते इतकंच की स्वातंत्र्य असलं तर सरासरी स्थिरावते. स्वातंत्र्य नसलं तर ती स्थिरावणारच नाही, हे नेक्रासोव्ह यांनी पदरचं जोडलं होतं. ते पाडायला एक प्रतिउदाहरण पुरे होतं. १९०६ मध्ये मार्कोव्ह यांनी अशा राशींची मालिका मांडली जिच्यात प्रत्येक पायरी फक्त मागच्या पायरीवर अवलंबून आहे, आणि तिलाही बृहत्संख्येचा नियम लागू पडतो हे सिद्ध केलं. आपल्या दोन दुकानांचं गणित हे त्या मालिकेचं सगळ्यात छोटं रूप.

या मालिकेलाच आज मार्कोव्ह साखळी म्हणतात. ही पहिली साखळी संपूर्ण कागदावरची होती. खऱ्या मजकुरावर ती लावून पाहिली १९१३ मध्ये. मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीची सुरुवातीची २०,००० अक्षरं घेतली, १०० अक्षरांची एक अशा २०० चौकटींत ती लिहून काढली आणि स्वर-व्यंजनं हाताने मोजली. स्वर भरले ८,६३८, व्यंजनं ११,३६२. म्हणजे डोळे मिटून एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं तर ते स्वर असण्याची संभाव्यता ०.४३२. पण आधीचं अक्षर स्वर असेल तर ती ०.१२८ वर घसरते, आणि आधीचं व्यंजन असेल तर ०.६६३ वर चढते. अक्षरं एकमेकांवर अवलंबून आहेत हे उघड होतं, आणि तरीही चौकटीमागून चौकट स्वरांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपासच राहत होतं.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथे संपवतात. मला त्यापुढची पायरी जास्त मोलाची वाटते. मार्कोव्ह यांनी जोड्या मोजल्या आणि त्यानंतर तिकड्याही मोजल्या. पुढचं अक्षर खरोखरच फक्त एक अक्षर मागे पाहून ठरत असेल, तर दोन व्यंजनांनंतर तिसरं व्यंजन येण्याचं प्रमाण एका व्यंजनानंतर दुसरं येण्याइतकंच, म्हणजे ०.३३७ हवं. त्यांच्या मोजणीत व्यंजनाला लागून व्यंजन ३,८२७ वेळा आलं होतं, आणि सलग तीन व्यंजनं फक्त ५०५ वेळा. प्रमाण येतं ०.१३२. एका पायरीची आठवण या मजकुराला पुरत नव्हती. ज्याने साखळी घडवली त्यानेच तिची मर्यादा त्याच कामात मोजून ठेवली.

दुकानांपर्यंत ही साखळी पोचली ती १९५० च्या दशकात, अमेरिकेत. शिकागोमधली शेकडो कुटुंबं आपल्या खरेदीची डायरी ठेवत होती. कोणी कोणत्या ब्रँडची कॉफी किंवा संत्र्याचा रस कधी घेतला याच्या सलग नोंदी हाताशी आल्या होत्या. ब्रँडनिष्ठा मोजायला संक्रमण मॅट्रिक्स सोयीचं पडलं, आणि दोन दुकानांच्या किंवा दोन साबणांच्या उदाहरणांनी व्यवस्थापनाची पुस्तकं भरली. तिकड्या मोजण्याची शिस्त मात्र त्या उदाहरणांत क्वचितच आली. ती नसल्याने काय बिघडतं ते आपल्याच आकड्यांवर पाहू.

समजा वस्ती अशी आहे: ३०० कुटुंबं काहीही झालं तरी जुन्याकडेच जातात आणि २०० काहीही झालं तरी नव्याकडेच. उरलेली ५०० फिरती आहेत. ती दर आठवड्याला नव्याने ठरवतात आणि मागच्या वेळी कुठेही गेली असली तरी ६० टक्के जुन्याकडे, ४० टक्के नव्याकडे जातात. कोणत्याही आठवड्यात जुन्याकडे ३०० पक्की आणि ३०० फिरती, मिळून ६०० कुटुंबं. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातली ३०० अधिक १८०, म्हणजे ४८० परत येतात. प्रमाण बरोबर ८० टक्के. नव्याच्या ४०० पैकी २०० अधिक ८०, म्हणजे २८०, बरोबर ७० टक्के. मॅट्रिक्स हुबेहूब वरचंच निघालं.

फरक कळतो तो दोन आठवड्यांनी. साधी साखळी सांगते की आज जुन्या दुकानात असलेलं कुटुंब दोन आठवड्यांनी तिथे दिसण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.३, म्हणजे ०.७०, तेव्हा ६०० पैकी ४२० दिसावीत. या वस्तीत दिसतात ४८०. फिरत्या ३०० पैकी १८० पुन्हा जुन्याकडे असतात आणि पक्की ३०० कुठे हललेलीच नसतात. तीन आठवड्यांनी साखळी ३९० म्हणते, प्रत्यक्षात ४८० च. पुढे साखळी ३६० वर उतरते आणि प्रत्यक्ष आकडा ४८० वरून हलत नाही. मुख्य म्हणजे दोन्ही प्रकारांत दुकानांची एकूण वाटणी ६०० आणि ४०० अशीच राहते. त्यामुळे नुसत्या विक्रीच्या आकड्यांवरून ही चूक कधीच पकडता येणार नाही. त्यासाठी तीच कुटुंबं निदान तीन आठवडे ओळीने माहीत असावी लागतात.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. १९५५ मध्ये ब्लूमेन, कोगन आणि मॅकार्थी यांनी अमेरिकी कामगार एका उद्योगातून दुसऱ्यात कसे जातात हे साखळीने मांडून पाहिलं. काळ जसा वाढत गेला तसे आपल्या मूळच्या उद्योगात सापडणारे कामगार साखळीच्या भाकितापेक्षा जास्त निघत गेले. तेव्हा त्यांनी कामगारांचे फिरते आणि टिकून राहणारे असे दोन गट मानणारं प्रारूप पुढे आणलं. १९६२ मध्ये रोनाल्ड फ्रँक यांनी कॉफीच्या खरेदीबद्दल तसाच धोका दाखवला: प्रत्येक कुटुंबाची आवड स्थिर असूनही, वेगवेगळ्या आवडींची कुटुंबं एकत्र मोजली की मागच्या खरेदीचा पुढच्या खरेदीवर परिणाम होतोय असं भासतं. आपल्या वस्तीतही तेच झालं. तिथे मागच्या आठवड्यामुळे एकाही कुटुंबाचं मन बदललं नव्हतं. मॅट्रिक्समध्ये जी आठवण दिसत होती ती कुटुंबं एकसारखी नसल्यामुळे उमटलेली होती.

नव्या दुकानदाराच्या दृष्टीने हा फरक पैशांत उतरतो. साधी साखळी खरी असेल तर जुन्याकडचं प्रत्येक कुटुंब कधी ना कधी त्याच्या दारात येणार आहे, आणि आलेलं टिकवण्यासाठी सवलत देण्यात अर्थ आहे. वस्ती दुसऱ्या प्रकारची असेल तर त्या ६०० मधली ३०० कधीच येणार नाहीत, त्याची स्वतःची २०० सवलतीविनाही राहणार आहेत, आणि सवलतीचा उपयोग झालाच तर तो फिरत्या ५०० वरच होईल.