रिपोर्टमधला पत्ता चुकीचा का दिसतो?

"गाडी तर आमच्याच पार्किंगला होती, मग रिपोर्टमध्ये मागच्या रोडचं नाव कसं काय आलं?" हा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीतल्या जीपीएस मशीनला पत्ता कळतच नाही. ते फक्त दोन आकडे पाठवतं, अक्षांश आणि रेखांश, म्हणजे 18.5204, 73.8567 असे. आमचा सर्व्हर ते आकडे घेऊन नकाशाच्या डेटात बघतो की या ठिकाणाच्या सगळ्यात जवळ काय आहे, रस्ता, बिल्डिंग, दुकान, आणि जे जवळ सापडेल त्याचा पत्ता उचलून तुमच्या रिपोर्टला लावतो. म्हणजे तो पत्ता गाडीचा नसतो, गाडीच्या शेजारच्या वस्तूचा असतो.

कोथरूडच्या एका कस्टमरचा टेम्पो रोज रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागतो. सोसायटीचं गेट पुढच्या गल्लीत, पण टेम्पोपासून ती गल्ली 22 मीटर आणि भिंतीपलीकडचा रोड 9 मीटर. सोसायटीची बिल्डिंग त्या नकाशात काढलेलीच नव्हती, त्यामुळे 9 मीटरवाला रोड जिंकला. मध्ये भिंत आहे, तिकडून जायला वाटच नाही, हे त्या हिशोबात येत नाही. फ्लायओव्हरचं पण तसंच, उंची धरलीच जात नाही त्यामुळे गाडी वर आहे की खाली हे पत्त्यावरून कळणार नाही.

त्यात पिन पण थोडी हलते. मोकळ्या आभाळाखाली साधारण 5 मीटरचा फरक, पण पेठांमधल्या अरुंद बोळात सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फरक सहज 20-30 मीटर होतो, तेवढ्यात गल्ली बदलते. म्हणून घर नंबरवर तर अजिबात विसंबू नका, आपल्याकडे नंबर ओळीनेच लागतील असं नाही.

तपासायचं कसं, तर रिपोर्टमधले ते दोन आकडे मोबाईलच्या मॅपमध्ये टाका आणि सॅटेलाइट फोटो बघा. पिन बरोबर जागी पण पत्ता चुकीचा, तर मशीन ठीक आहे, नकाशाचा डेटा कमी पडतोय. पण आकडे पूर्ण कॉपी करा, पॉइंटनंतर तीनच आकडे घेतले तर पिन 100 मीटरहूनही जास्त सरकू शकते.

पिनच भलतीकडे असेल तर मात्र लगेच कळवा. मशीन 18.5204 हे 1831.2240 असं पाठवतं, म्हणजे 18 अंश आणि 31.2240 मिनिटं. मिनिटांना 60 ने भागायचं राहिलं तर ते 18.3122 असं वाचलं जातं, रेखांशाचंही तेच होतं आणि पुण्यातली गाडी 40 किलोमीटरहून जास्त लांब सह्याद्रीच्या डोंगरात दिसते. ही चूक आमच्या सेटिंगची असते, ती आम्हीच दुरुस्त करून देऊ. कळवताना गाडी नंबर, वेळ आणि ते दोन आकडे पाठवा, नुसत्या पत्त्याचा स्क्रीनशॉट नको, त्यावरून चूक कुठे झाली ते आम्हाला शोधता येत नाही.