ट्रेंडलाइन वर गेली म्हणजे संबंध पक्का?

“एक्सेलने रेघ वर चढती दाखवली, म्हणजे अभ्यासाचे तास वाढले की गुण वाढतातच ना?”

नाही. एक्सेल कुठल्याही ठिपक्यांतून रेघ काढून देतं, अगदी मुठीने तांदूळ फेकले तरी. रेघेचा चढ आणि संबंधाची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, वर्गाची सरासरी 60 गुण, प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते, 15. तासांचं प्रमाण विचलन 1 आणि सहसंबंध, म्हणजे -1 ते 1 मध्ये मोजलेली संबंधाची ताकद, 0.2. मग रेघ सांगते, दर तासामागे 3 गुण जास्त. ऐकायला छान! पण `R²` येतो 0.04, म्हणजे गुणांतल्या चढउतारापैकी फक्त 4 टक्के रेघेला समजतो. सरासरीपेक्षा तासभर जास्त अभ्यास करणाऱ्याचा अंदाज 63. तरी अशांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं 48 ते 78 मध्ये कुठेही सापडतील. तास माहीत नसते, तर हाच पट्टा 45 ते 75 असता. रुंदी जवळपास तेवढीच.

मुलं हजार असली, तर 0.2 हा निव्वळ योगायोग नाही असं म्हणता येईल. एकट्या मुलाचा अंदाज मात्र तेवढाच ढिला राहतो. आणि रेघ लपवून ठिपके एकदा नुसते पाहा: ढग वाकडा असेल, तर सरळ रेघच चुकीची.