कावळा भरवतोय ते पिल्लू कुणाचं?

जुलैच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी फोटो पाठवला. गुलमोहराच्या फांदीवर एक कावळा, शेजारी चोच वासून बसलेला एक काळा पक्षी. कावळ्याची चोच त्याच्या घशात. खाली लिहिलेलं, ‘आई आणि बाळ’. बाळ कोकिळेचं होतं.

काकूंची चूक नव्हती. कोकीळ म्हटलं की आपण लाल डोळा शोधतो, आणि या पिल्लाचा डोळा होता मळकट तपकिरी. लाल डोळा आणि फिकट हिरवट चोच या मोठ्या झालेल्या नराच्या खुणा आहेत. पिल्लाची चोचही काळपट असते. आपल्याकडे कोकिळेची पिल्लं बहुधा काळीच दिसतात, पंखांवर मात्र फिकट ठिपके असू शकतात. मादी पुढे तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची होते, म्हणून तिला कावळा समजायची चूक सहसा कुणी करत नाही.

अशा फोटोत मी आधी पाय बघतो. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. कोकीळकुळातल्या सगळ्यांची दोन पुढे, दोन मागे. काकूंच्या फोटोत पानं आड येत होती, पाय दिसेना. मग शेपूट पाहिली. नुकतं उडू लागलेलं कावळ्याचं पिल्लू आखूड शेपटीचं, बोजड चोचीचं असतं आणि गावकावळ्याचं असेल तर मानेवर करडी छटा दिसते. इथे मान एकसारखी काळी, चोच बारीक आणि शेपूट लांब. मान करडी नाही एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण डोमकावळाही सगळा काळाच असतो आणि कोकिळा त्याच्याही घरट्यात अंडी घालते. फोटो आभाळासमोरचा असेल तर आधी सावल्या थोड्या उजळून घ्या. नुसत्या काळ्या आकृतीवरून निकाल देऊ नये.

हे दृश्य दिसतं कसं, ते घरट्यात ठरतं. नर कोकीळ घरट्याजवळ ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते त्याच्यामागे लागले की मादी तेवढ्यात अंडं घालून निघते. कोकिळेचं अंडं साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतं, कावळ्याच्या अंड्याला त्याहून काही दिवस जास्त लागतात. आधी आलेलं पिल्लू आधी भूक मागतं, आधी वाढतं. कोकिळेचं पिल्लू सहसा इतरांना घरट्याबाहेर ढकलत नाही, त्यामुळे कधी कधी एकाच घरट्यात दोघांचीही पिल्लं वाढतात. म्हणून कावळा ज्याला भरवतोय ते कावळ्याचंच, हा तर्क इथे चालत नाही. घरटं सोडल्यावरही काही दिवस ते याच ‘आई’मागे चोच वासत हिंडतं, आणि काकूंच्या कॅमेऱ्यात आलं ते याच दिवसांत.

दुसरी जोडी जंगलातली. कोतवाल सगळ्यांना माहीत आहे: तारेवर बसणारा, खोल दुभंगलेल्या शेपटीचा, कावळ्या-घारींच्या मागे लागणारा. त्याच्यासारखाच काळा, तशाच दुभंगाचा भास देणारा एक कोकीळकुळातला पक्षी सह्याद्रीत मिळतो, ड्राँगो-कुक्कू. ड्राँगो म्हणजे इंग्रजीतला कोतवाल, आणि नावातच कोतवाल असल्यामुळे तो कोतवालाच्या घरट्यात अंडी घालत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची पिल्लं वाढवतात ती सातभाईंच्या नात्यातली छोटी झुडपी पाखरं. मग हा वेश कशासाठी? कोतवालासारख्या भांडखोराला पाहून छोटे पक्षी दबतात, असा एक तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तर्कच आहे.

फोटोत बघायचं ते शेपटीखाली. ड्राँगो-कुक्कूच्या तिथल्या पिसांवर पांढरे आडवे पट्टे असतात, शेपटीची खाच उथळ असते आणि चोच बारीक, किंचित बाकदार. कोतवालाची चोच जाड, टोकाला आकड्यासारखी, आणि काळ्या कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्याशी बहुधा पांढरा ठिपका. फसगत होते ती कोवळ्या कोतवालाने: त्याच्या पोटावर पांढऱ्या खवल्यांसारख्या कडा असतात आणि पिसं बदलत असताना शेपटीची खाचही नीट दिसत नाही. म्हणून पोटावरचं पांढरं सोडून द्यावं आणि शेपटीच्या पिसांवरचे पट्टे मोजावेत.

काकूंनी आठवड्याने दुसरा फोटो पाठवला. तोच गुलमोहर, तोच काळा पक्षी, या वेळी पाय उघडे दिसत होते. फांदीवर दोन बोटं पुढे, दोन मागे. खाली लिहिलं होतं, ‘कावळा अजून येतोच आहे हो!’