अल्फा ब्लॉकर आणि पहिल्या डोसची चक्कर

अल्फा ब्लॉकर हा गोळ्यांचा एक गट आहे. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही त्यातली जुनी नावं आणि टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही नंतरची. पहिल्या तीन गोळ्या मुळात बीपीसाठी आल्या, पण आज त्या आणि त्यांची पुढची पिढी जास्त करून प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी मोकळी व्हावी म्हणून दिली जाते. ही औषधं चांगलीच आहेत, फक्त पहिला डोस नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक पडझड तिथेच होते.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. शरीर लगेच नॉरअॅड्रेनलिन सोडतं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-१ रिसेप्टरवर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या जागेवर, बसतं, वाहिन्या आवळल्या जातात आणि डोक्याकडचं प्रेशर टिकतं. हे सगळं काही सेकंदात होतं, आपल्याला कळतही नाही. अल्फा ब्लॉकर नेमका हाच रिसेप्टर अडवतो, त्यामुळे बसल्या जागी बीपी ठीक दिसतं आणि माणूस उठला की खाली येतं. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर अर्धा ते दीड तासात हे जास्त दिसतं, आधी धडधड, डोळ्यापुढे अंधारी, घाम, आणि मग माणूस सरळ कोसळतो. सुरुवातच २ मिलिग्रॅम किंवा जास्तीने केली तर धोका बराच वाढतो, म्हणून ती १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने करतात. काही दिवसांत शरीर सरावतं आणि बहुतेकांचा त्रास जातो.

आता समजा ६८ वर्षांचे एक काका आहेत, बीपीसाठी अॅमलोडिपिन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, प्रोस्टेटमुळे रात्री चार वेळा उठावं लागतं. डॉक्टरांनी टेराझोसिन १ मिलिग्रॅम झोपताना सांगितली. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे अशा माणसाला चक्करेचा धोका जास्त, म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांना चालू गोळ्यांची पूर्ण यादी दाखवायची. झोपताना गोळी घ्यायची कारण त्या वेळी माणूस आडवा असतो, पण प्रोस्टेटवाला माणूस तर रात्रीच उठतो, खरी मेख इथे आहे. त्यामुळे काकांनी आधी पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, दिवा लावायचा, मग उठायचं आणि लघवीसुद्धा बसूनच करायची. डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं आणि पाय उंच ठेवायचे, घरच्यांनी धरून उभं करायचा प्रयत्न करू नये. हळूहळू डोस वाढून ५ मिलिग्रॅमवर आला, लघवीची धार सुधारली, आणि मग काका गावी गेले, गोळ्या घरीच राहिल्या. आठवड्याने परत येऊन थेट ५ घेतली तर शरीराच्या दृष्टीने तो पुन्हा पहिलाच डोस! काही दिवस खंड पडला की परत १ पासून चढायचं असतं, आणि ही गोष्ट पेशंटला फार कमी वेळा कोणी सांगतं.

खाली-वर बीपी मोजणं सोपं आहे: पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं.

प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवरही हेच रिसेप्टर असतात, ते सैल पडले की वाट मोकळी होते. फरक काही दिवसांत जाणवू लागतो, पण ग्रंथी लहान होत नाही, त्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड लागतं आणि त्याला महिने जातात. टॅमसुलोसिन मुख्यतः प्रोस्टेटकडच्या रिसेप्टरच्या प्रकारावर काम करतं म्हणून बीपी तितकं पाडत नाही, डोस चढवत न्यावा लागत नाही, रोज एकाच जेवणानंतर घ्यायचं. तरी चक्कर अजिबात येणार नाही असं नाही, आणि काहींचं वीर्य कमी येतं किंवा उलटं मूत्राशयात जातं.

मग बीपी आणि प्रोस्टेट दोन्हींना एकच गोळी का नको? पूर्वी असंच देत असत. पण अमेरिकेतल्या ऑलहॅट या मोठ्या अभ्यासात डॉक्साझोसिनवरच्या लोकांना क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीवरच्यांपेक्षा हार्ट फेल्युअर साधारण दुप्पट झालं आणि २००० साली तो भाग मध्येच थांबवला. तेव्हापासून बीपीसाठी ही पहिली पसंती राहिली नाही, इतर गोळ्या कमी पडल्या तर वरून जोडतात. माझ्या मते बीपीची गोळी वेगळी आणि प्रोस्टेटची वेगळी ठेवलेलीच बरी.

लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर ते लपवू नका, दोन्ही मिळून बीपी खूप पडू शकतं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. या गोळ्यांनी, विशेषतः टॅमसुलोसिनने, ऑपरेशनमध्ये बाहुली अचानक आकसते आणि आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, लिबलिबीत होऊन हलते. गोळी आधी बंद केली तरी हा धोका पूर्ण जात नाही, पण सर्जनला माहीत असेल तर तो तयारीने उतरतो.