भुकेने उठणं वेगळं आणि नुसती जाग येणं वेगळं

उष्टावण झालं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता रात्री नीट पोट भरून घाल, म्हणजे सकाळपर्यंत झोपेल." मग आठच्या सुमाराला नाचणीचं सत्त्व, नाहीतर खिमट, वाटी संपेपर्यंत भरवलं जातं. बाळ दीडला उठलं की निष्कर्षही ठरलेला असतो: कमी पडलं, उद्या अजून घाला. बाळांच्या आहाराबद्दल आयांशी बोलताना गेली कित्येक वर्षं मी हा घोळ ऐकते आहे, आणि आता मला तो अगदी सहन होत नाही. कारण त्यात त्रास बाळाला होतो आणि दोष आईच्या पदरात पडतो.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायचं, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत न्यायचं, मीठ-साखर घालायची नाही, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावर मी वेळ घालवत नाही. घोळ पुढे आहे. रात्री बाळ उठतं, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि आपण दोन्हींना 'भूक' म्हणतो.

बाळाची झोप पन्नास-साठ मिनिटांच्या टप्प्यांनी चालते. प्रत्येक टप्पा संपताना झोप पातळ होते, हात-पाय हलतात, डोळे किलकिले होतात. मोठ्यांनाही अशी जाग येते, पण आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. बाळ झोपताना अंगावर पीत होतं किंवा झोळीत हलत होतं, तर जाग आल्यावर त्याला तेच हवं असतं. ते रडतं, आई पाजते, ते चार घोट पिऊन झोपतं. आईला वाटतं, भूक होती म्हणूनच प्यायलं. पण पाजणं हा तिथे झोपेकडे परत जायचा रस्ता असतो. पोट कितीही भरलेलं असलं तरी टप्पा संपायचा थांबत नाही, म्हणून जाग यायचीच.

हा फरक नेमका दाखवणारा एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आणि 2015 साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या 715 आयांना विचारलं, तर जवळजवळ 79 टक्के बाळं रात्री निदान एकदा उठत होती. ज्यांना दिवसा दूध किंवा अन्न जास्त मिळत होतं, ती रात्री कमी वेळा पीत होती. पण उठण्याच्या बाबतीत फरक नव्हता. उठत ती तेवढीच होती. म्हणजे दिवसभराच्या खाण्याने रात्रीचं पिणं कमी होऊ शकतं, जाग येणं नाही. सगळा गोंधळ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

रात्रीच्या सीरियलची तर थेट परीक्षा झाली आहे. 1989 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभराहून थोडी जास्त बाळं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला पाच आठवड्यांपासून झोपताना बाटलीत तांदळाचं सीरियल, दुसऱ्याला चार महिन्यांनंतर. रात्रभर झोपण्यात दोन्ही गटांत दखल घेण्यासारखा फरक निघाला नाही. बाटलीत पीठ कालवून पाजणं मला मुळीच मान्य नाही. ठसका लागू शकतो आणि पोट भरल्याचं बाळाला सांगताच येत नाही. उलटी वर येते म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तेवढाच अपवाद.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1,303 बाळांवर ॲलर्जीसाठी एक मोठी चाचणी झाली. तिची झोपेबद्दलची आकडेवारी 2018 साली आली. तिसऱ्या महिन्यापासून वरचं अन्न मिळालेली बाळं सहाव्या महिन्याच्या आसपास रात्री सुमारे सतरा मिनिटं जास्त झोपत होती, आणि रात्रीचं उठणं सरासरी दोनवरून पावणेदोनवर आलं होतं. ही माहिती आईवडिलांनीच भरली होती आणि आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय रात्रीच्या जड जेवणाची ती परीक्षा नव्हतीच. समजा सगळं खरं धरलं, तरी सतरा मिनिटं म्हणजे 'सकाळपर्यंत झोपेल' नव्हे.

आता वाटीत काय असतं ते पाहू. दोन चहाचे चमचे नाचणीचं पीठ म्हणजे पाच-सहा ग्रॅम, जेमतेम वीस कॅलरी. ते वाटीभर पाण्यात शिजवून पातळ पेज केली आणि बाळाने दीडशे मिलिलिटर प्यायली, तर पोट तट्ट फुगतं. तेवढ्याच आईच्या दुधातून शंभरच्या आसपास कॅलरी मिळाल्या असत्या. म्हणजे 'जड' म्हणून जे घातलं ते पोटाला जड आणि ताकदीला हलकं. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात, बाकी दूधच पुरवतं. म्हणून अन्न चमच्यावरून पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, त्यात चमचाभर तूप आणि डाळ हवी, आणि ते दिवसात विभागलेलं हवं.

माझ्या भाचीची लेक सात महिन्यांची असताना तिला रात्री आठला भरलेली वाटी मिळायची. मी भाचीला चार दिवस फक्त नोंद ठेवायला सांगितली. पहिल्या रात्री नऊला झोप, दहाला जाग, मग साडेबारा, तीन, पाच. दहाची जाग भुकेची असणं शक्यच नव्हतं, कारण दोन तासांपूर्वीच पोट भरलं होतं. त्या वेळी ती चार-पाचदा चोखून झोपायची, गिळल्याचा आवाजही यायचा नाही. तीनला मात्र दहा मिनिटं घटाघट प्यायची. ती खरी भूक. शिवाय रात्री पाय पोटाशी घेऊन कुंथायची आणि शी दोन दिवसांआड, घट्ट.

मग आम्ही मोठी वाटी सकाळी दहाला आणली: मूगडाळ-तांदळाचं घट्ट खिमट, वर तूप. दुपारी चारला कुस्करलेला बटाटा किंवा केळं. संध्याकाळी साडेसहाला चार-पाच चमचे मऊ भात, आणि झोपण्याआधी दूध. नवा पदार्थ नेहमी सकाळीच, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर उजेडी कळते आणि दवाखाना उघडा असतो. रात्री दहाला जाग आली की पाजण्याऐवजी भाची छातीवर हात ठेवून हळू थोपटायची. दोन आठवड्यांनी रात्रीचं पिणं चारवरून दोनवर आलं, कुंथणं थांबलं. जाग मात्र अजून तीनदा येत होती, आणि त्यातल्या एकदा ती थोपटल्यावर झोपायची.

आणखी एक गोष्ट या समजाला खतपाणी घालते. चार ते सहा महिन्यांत बऱ्याच बाळांची झोप आपोआप लांबते आणि वरचं अन्नही त्याच सुमाराला सुरू होतं, म्हणून श्रेय वाटीला मिळतं. कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की रडण्याचं वय येतं, जाग पुन्हा वाढते. तेव्हा 'दूध पुरत नाही' म्हणणाऱ्या सासूबाईंना बाळाचं वजनाचं कार्ड दाखवावं.

कार्डावरची रेघ वर जात नसेल, दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, किंवा बाळ झोपेत घोरतं, श्वास अडकतो असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. तिथे आठवडाभराची नोंद घेऊन जा: किती वाजता उठलं, किती वेळ गिळलं, दिवसा काय-किती खाल्लं.