सेंटिपॉइज ते पास्कल-सेकंद: ऑइलच्या डेटा शीटवरच्या दोन जुन्या घराण्यांची गोष्ट

15W-40 इंजिन ऑइलची कुठलीही डेटा शीट उघडा. व्हिस्कॉसिटीच्या चार ओळी सापडतील आणि त्या सगळ्या एकाच एककात नसतील. 40 आणि 100 अंश सेल्सिअसचे आकडे cSt मध्ये, म्हणजे सेंटिस्टोक्समध्ये. उणे 20 अंशांचा 'कोल्ड क्रँकिंग'चा आकडा आणि 150 अंशांचा HTHS चा, म्हणजे हाय टेम्परेचर हाय शिअर चाचणीचा आकडा मात्र cP मध्ये, म्हणजे सेंटिपॉइजमध्ये. बेअरिंगचं गणित करणाऱ्याला यातलं काहीच थेट चालत नाही, त्याच्या सूत्राला पास्कल-सेकंद हवे असतात. 1 cP म्हणजे 0.001 Pa·s. हजाराने भागलं की झालं, शाळेतल्या पोराचं काम. चुका तरीही होतात, कारण कुठला आकडा नुसता भागायचा आणि कुठल्याला आधी घनतेने गुणायचं हे शीट सांगत नाही. ते समजायला हे आकडे कुठल्या यंत्रातून आले हे बघावं लागतं.

सुरुवात एका डॉक्टरपासून होते. ज्याँ लेओनार मारी प्वाझय (1797–1869) हा पॅरिसचा. त्याला रस होता रक्ताभिसरणात, तेलाशी त्याचा काही संबंध नव्हता. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे बघायला त्याने काचेच्या अतिशय बारीक नळ्या घेतल्या आणि त्यांतून बहुतेक वेळा साधं शुद्ध पाणी ढकललं. ढकललं हा शब्द इथे महत्त्वाचा. पाणी आपल्या वजनाने खाली येत नव्हतं, मागून मोजून दिलेला हवेचा दाब होता. 1840 च्या सुमारास त्याने मांडलेला निष्कर्ष आजही तसाच वापरतात: प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. दाब माहीत, नळी माहीत, वेळ माहीत, म्हणजे उरते ती द्रवाची स्वतःची श्यानता, म्हणजेच व्हिस्कॉसिटी. यात घनतेला जागा नाही. याला डायनॅमिक व्हिस्कॉसिटी म्हणतात आणि सेंटिपॉइज हे तिचंच माप.

वंगणाच्या जगात ही राशी आली ती रेल्वेच्या आसांमुळे. 1883 मध्ये बोशँप टॉवर हा इंग्लिश इंजिनिअर बेअरिंगचं घर्षण मोजत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर येऊ लागलं. बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीच्याही वर गेला. म्हणजे आस धातूवर टेकलेलाच नव्हता, तेलाच्या थरावर तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्यासाठी त्याला ऑलिव्ह तेलाची व्हिस्कॉसिटी तापमानानुसार कशी बदलते हे स्वतः मोजावं लागलं. बेअरिंगमध्ये तेलाचा थर सरकतो तो आसाच्या फिरण्याने. तिथेही तेलाच्या वजनाचा प्रश्न येत नाही, म्हणून सूत्रात डायनॅमिक व्हिस्कॉसिटीच बसते.

बाजार मात्र वेगळ्या वाटेने गेला. तेल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला झटपट चाचणी हवी होती, म्हणून तळाला भोक असलेला कप आला. ठरलेलं तेल खाली यायला किती सेकंद लागतात तेवढंच मोजायचं. ब्रिटनमध्ये रेडवुड, अमेरिकेत सेबोल्ट, जर्मनीत एंग्लर, असा प्रत्येकाचा कप निराळा. आपल्याकडे ब्रिटिश वारशामुळे रेडवुड रुजला. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये 50 मिलिलिटर तेलासमोर स्टॉपवॉच धरून बसलेल्यांना तो चांगला आठवत असेल. या कपात तेल स्वतःच्या वजनाने वाहतं. दोन तेलांची डायनॅमिक व्हिस्कॉसिटी सारखी असली, तरी जड तेल स्वतःला जास्त जोराने ढकलतं आणि लवकर संपतं. म्हणून सेकंदांत घनता मिसळलेली असते. आजची काचेची U-नळी या कपाहून कितीतरी अचूक आहे, पण तीही गुरुत्वाकर्षणावरच चालते. तिचं उत्तर येतं डायनॅमिक व्हिस्कॉसिटी भागिले घनता. हीच कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, शास्त्रज्ञ स्टोक्सच्या नावाने cSt मध्ये लिहिलेली.

आता पॉइजचं बारसं. हे नाव 1913 मध्ये सुचवलं रिचर्ड माउंटफोर्ड डीली आणि पार या दोघांनी. डीली इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेत इंजिन विभागाचा प्रमुख होता आणि त्याच रेल्वेचा रसायनतज्ज्ञ आर्चबट याच्याबरोबर त्याने वंगणावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तेव्हा पॉइज तेलावरच्या लेखात जन्माला आलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. तो लेख हिमनदीच्या बर्फाच्या व्हिस्कॉसिटीवरचा होता. डीलीला हिमनद्यांचा नाद होता, आणि मोजमाप करायचं तर एककाला सुटसुटीत नाव हवं, म्हणून त्याने डॉक्टरसाहेबांचं अर्धं नाव उचललं. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत 1 पॉइज म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1 डाइन-सेकंद. शतांश पॉइज लोकप्रिय व्हायला कारण सोपं होतं. 20 अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळजवळ नेमकी 1 cP भरते. 4 cP म्हटलं की पाण्याच्या चौपट दाट, डोक्यात लगेच बसतं.

SI पद्धत 1960 मध्ये आली आणि पास्कल हे नाव 1971 मध्ये दाबाच्या एककाला मिळालं. जुन्याचं नव्यात रूपांतर दोन पायऱ्यांचं आहे. डाइन म्हणजे न्यूटनचा एक लाखावा भाग आणि चौरस सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग. एकाला दुसऱ्याने भागलं की उरतं 0.1.

```
1 P  = 0.1 Pa·s
1 cP = 0.001 Pa·s = 1 mPa·s
```

फ्रेंचांनी पास्कल-सेकंदाला 'प्वाझय' हे पूर्ण नाव द्यायचा प्रयत्न करून पाहिला, पण जगाने ते उचललं नाही. दुसऱ्या ओळीतली बरोबरी मात्र तेलवाल्यांच्या पथ्यावर पडली. cP खोडून mPa·s लिहिलं की आकडा बदलतच नाही. त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. आजही एका शीटवर cP, दुसरीवर mPa·s, आणि दोन्ही बरोबर. माझ्या मते जुनं एकक इतकं टिकलं ते याच सोयीमुळे. आकडे बदलावे लागले असते तर ते केव्हाच गेलं असतं.

आता शीटकडे परत येऊ. नमुन्यादाखल एका 15W-40 चे आकडे असे धरू:

```
घनता, 15 °C        0.880 kg/L
KV 40 °C           108 cSt
KV 100 °C          14.5 cSt
CCS, -20 °C        6200 cP
HTHS, 150 °C       4.1 cP
```

शेवटच्या दोन ओळी फिरत्या यंत्रांतून आल्या आहेत. CCS, म्हणजे कोल्ड क्रँकिंग सिम्युलेटरमध्ये थंड तेलात रोटर फिरवतात, HTHS मध्ये गरम तेल अतिशय अरुंद फटीत जोरात घासलं जातं. दोन्हीकडे गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून आकडा डायनॅमिकच. फक्त हजाराने भागा: 6.2 Pa·s आणि 0.0041 Pa·s. 15W साठी SAE J300 या इंजिन ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या मानकाची उणे 20 अंशांची कमाल मर्यादा 7000 cP, म्हणजे 7 Pa·s आहे, त्यात हे तेल बसतं. जुन्या कपाटातली शीट हातात आली तर तापमान आधी बघा. 1999 च्या सुधारणेआधी हीच मर्यादा उणे 15 अंशांना 3500 cP होती. तापमान न बघता दोन शीटा शेजारी ठेवल्या की तेल दुप्पट दाट झालंय असं उगाच वाटतं.

मधल्या दोन KV च्या, म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीच्या ओळी U-नळीच्या. त्यांना घनता लागते, आणि तीसुद्धा त्या तापमानाची, 15 अंशांची नव्हे. खनिज तेलाची घनता दर अंशाला साधारण 0.00065 ने घटते, म्हणजे 100 अंशांना ती 0.825 च्या आसपास येते.

```
14.5 cSt × 0.825 = 12.0 cP = 0.012 Pa·s
```

घनता विसरून 14.5 लाच हजाराने भागलं तर 0.0145 येतं, वीसेक टक्के जास्त. ही चूक डोळ्यांना खुपत नाही, म्हणून ती फायलीत वर्षानुवर्षं टिकते. ती पकडायची एकच खूण: एककात P आहे की St हे वाचा.

मोठ्या चुका मात्र गणिताच्या शेवटी स्वतःच ओरडतात. 100 मिलिमीटर व्यासाचा आस, तेवढ्याच लांबीचं बेअरिंग, एका बाजूची फट 0.1 मिलिमीटर, गती 1500 आरपीएम. 1883 मध्येच रशियाच्या पेत्रॉफने मांडलेल्या साध्या हिशोबात व्हिस्कॉसिटी गुणिले पृष्ठभागाची गती भागिले फट, एवढ्यावर घासण्याचा ताण निघतो:

```
गती       = π × 0.1 × 25          = 7.85 m/s
ताण       = 0.012 × 7.85 / 0.0001 = 942 Pa
क्षेत्रफळ   = π × 0.1 × 0.1         = 0.0314 m²
शक्ती      = 942 × 0.0314 × 7.85   ≈ 232 W
```

पावणेतीनशे वॉटच्या आत, पटण्यासारखं. 14.5 ची चूक केली असती तर 280 वॉट आले असते, तेही पटण्यासारखं, आणि नेमका तिथेच घात. कुणी शंभराने भागून 0.12 घातलं तर 2.3 किलोवॉट येतात, शंकेला जागा होते. 12 तसंच टाकलं तर 232 किलोवॉट, म्हणजे एका बेअरिंगमध्ये ट्रकचं अख्खं इंजिन जळतंय. गणित करणाऱ्याला हे दिसलंच पाहिजे.

एक टायपिंगची खोड शीट बनवणाऱ्यांचीही आहे. mPa·s मधला पहिला m काही जण मोठा करून टाकतात. MPa·s म्हणजे मेगापास्कल-सेकंद, एक अब्ज पटीचा फरक. वाचणारा माणूस ते मनात दुरुस्त करून पुढे जातो. पण शीटमधले आकडे उचलून आपोआप रूपांतर करणारी एक्सेल फाइल असेल, तर ती छापलंय तेच वाचते.