स्टोरीबोर्ड (तीस सेकंदांची जाहिरात)

चित्रीकरणाआधी जाहिरातीतला प्रत्येक शॉट एका चौकटीत रेखाटून त्याखाली वेळ, आवाज आणि पुढच्या शॉटकडे जाण्याची रीत लिहिलेला तक्ता म्हणजे स्टोरीबोर्ड. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत चित्रे भिंतीवर क्रमाने टाचून गोष्ट तपासू लागले, तिथून ही पद्धत रुळली. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तिला आणखी एक काम करावे लागते. तिथे एकाच चित्रीकरणातून मराठी आणि कन्नड अशा दोन जाहिराती निघाव्या लागतात आणि त्याची सोय कागदावरच करून ठेवावी लागते.

भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम धरतात, म्हणजे तीस सेकंदांत ७५० फ्रेम मिळतात. त्यात दहा-बारा शॉट आरामात बसतात. त्याहून जास्त घातले तर चित्र दिसते, पण मनात उतरत नाही.

उदाहरण म्हणून बेळगावच्या कुंद्याची एक काल्पनिक जाहिरात घेऊ. दूध आटून दाणेदार होते, साखरेने तपकिरी रंग चढतो, खोका गाडीने पुण्याला जातो आणि आजी पहिला घास घेते, एवढीच गोष्ट.

पहिल्या शॉटमध्ये वरून दिसणारी दुधाने भरलेली कढई, ३ सेकंद. दुसऱ्यात तीच कढई त्याच जागेवरून, पण दूध आटून तपकिरी झालेले, ४ सेकंद. तिसऱ्यात झाऱ्याखाली फिरणारा दाणेदार कुंदा अगदी जवळून, २ सेकंद. चौथ्यात खोक्याभोवती दोरा गुंडाळणारा हात, अडीच सेकंद. पाचव्यात दुकानाचा गल्ला आणि खोका उचलणारा नातू, २ सेकंद. सहाव्यात रात्रीची गाडी, खिडकीशी मांडीवर खोका घेऊन बसलेला तोच नातू, ३ सेकंद. सातव्यात सकाळी उघडणारे घराचे दार, ३ सेकंद. आठव्यात वरून दिसणारा खोका आणि दोरा सोडणारे आजीचे हात, २ सेकंद. नवव्यात वाटीत पडणारा कुंदा, ३ सेकंद. दहाव्यात आजीचा चेहरा, साडेतीन सेकंद. अकरावा पॅक शॉट, म्हणजे खोका आणि नाव, ४ सेकंद.

बेरीज ३२ भरते आणि ती मुद्दाम ३२ ठेवली आहे. पहिल्या-दुसऱ्या आणि सहाव्या-सातव्या शॉटमध्ये एकेका सेकंदाचा डिझॉल्व्ह आहे. डिझॉल्व्हमध्ये मावळणारे आणि उगवणारे चित्र एकमेकांवर चढलेले असते, त्यामुळे तो सेकंद दोन्ही शॉटमध्ये मोजला जातो, पण पडद्यावर एकदाच जातो. ३२ वजा २ म्हणजे ३०. नवखे लेखक इथेच चुकतात. ते कागदावर ३० भरतात, संकलनाच्या टेबलावर २८ उरतात आणि मग एखादा शॉट ओढूनताणून लांबवावा लागतो. उलट फिल्म ३१ सेकंदांची झाली तर विकत घेतलेल्या वेळेत ती बसत नाही. शेवटून कापावे म्हटले तर शेवटी नेमके दुकानाचे नाव असते. कटमध्ये ही भानगड नसते, कारण एक चित्र संपते तिथेच दुसरे लागते. म्हणून बोर्डावर दोन चौकटींच्या मधल्या जागेत ‘कट’ किंवा ‘डिझॉल्व्ह, २५ फ्रेम’ असे आकड्यासकट लिहावे. नुसते ‘डिझॉल्व्ह’ लिहिले की ज्याचा त्याचा हिशेब वेगळा निघतो.

संक्रमणाची निवड अर्थावरून ठरते. कट म्हणजे ‘आणि लगेच’, डिझॉल्व्ह म्हणजे ‘दरम्यान वेळ गेला’. दूध आटायला बराच वेळ लागतो. तो सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या शॉटमधला एक डिझॉल्व्ह सांगून जातो, पण कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. ‘तिपाई हलवू नये, पायांच्या जागी खडूच्या खुणा कराव्यात’ अशी सूचना चौकटीखालीच लिहावी. मधल्या वेळात कुणाचा धक्का लागला किंवा कढईच सरकली, तर डिझॉल्व्हच्या मध्यावर कढईचा काठ दुहेरी दिसतो. चूक ओळखण्याची तीच खूण. वाफ फार असेल तर दोन्ही चित्रे मिसळून नुसता पांढुरका धूर उरतो. त्यामुळे दुसरा शॉट आच मंद केल्यावर घ्यायचा असतो, हेही बोर्डावर यायला हवे.

तिसऱ्या-चौथ्या शॉटमध्ये मॅच कट आहे. झारा गोल फिरतो, कट, दोरा गुंडाळणारा हात गोल फिरतो. हालचाल सलग वाटली की कढईपासून खोक्यापर्यंतचा मधला सगळा व्याप दाखवावा लागत नाही. मात्र दोन्ही हात एकाच दिशेने फिरले पाहिजेत. झारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि दोरा उलटा फिरला, तर प्रेक्षकाला काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते. दोन्ही चौकटींत बाण काढला की हा घोळ होत नाही. गाडी डावीकडून उजवीकडे धावत असेल, तर नातूही दारातून डावीकडूनच आत येतो. नाहीतर तो परत बेळगावला निघाला असे वाटते.

आता भाषेचा भाग. जाहिरातीत एकच वाक्य बोलले जाते, आजीचे: “बेळगावचा का रे?” ते दहाव्या शॉटमध्ये, तिच्या चेहऱ्यावर ठेवण्याचा मोह होतो. पण तसे केले की कन्नड आवाज मराठी ओठांवर चढतो आणि जाहिरात उसनी वाटू लागते. म्हणून वाक्य आठव्या शॉटवर टाकले आहे. तिथे हात आणि खोकाच दिसतात, ओठ नाहीत. दहाव्यात आजी फक्त खाते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दोन्ही भाषांत सारखेच असते. दारावरची नावाची पाटी चौकटीबाहेर ठेवायची, कारण लिपी दिसली की घर एकाच भाषेचे होते. दुकानावरची कन्नड पाटी दिसली तर हरकत नाही, ते दुकान आहेच तिथले. पॅक शॉट मात्र दोनदा चित्रित करावा, एकदा देवनागरीतल्या नावाने, एकदा कन्नडमधल्या.

निवेदनात एक सोय आपोआप मिळते. मराठी आणि कन्नड दोन्हींत क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘कुंदा’ हा शब्द दोन्ही आवृत्त्यांत जवळपास त्याच चित्रावर पडतो. लांबी मात्र शब्द मोजून ठरवू नये. कन्नड शब्दांना प्रत्यय जोडले जातात, त्यामुळे शब्द कमी आणि अक्षरे जास्त होतात. गावाच्या नावापासूनच फरक सुरू होतो: मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी, आणि २०१४ पासून सरकारी नावही तेच. दोन्ही संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचाव्यात आणि जी लांब भरेल तिच्यावरून शॉटची वेळ ठरवावी. आखूड भाषेत उरलेल्या जागेत झाऱ्याची खरखर आणि गाडीचा आवाज येऊ द्यावा.

बोर्ड पुरा झाल्यावर चौकटींचे फोटो काढून, ठरलेल्या वेळांनुसार जोडून, वर मोबाइलवर वाचलेला आवाज चढवतात. याला ॲनिमॅटिक म्हणतात. तो आधी आवाज बंद करून बघावा. खोका कुठून कुठे गेला हे कळले नाही, तर दोष चौकटींच्या क्रमात आहे, निवेदन वाढवून तो झाकत नाही. मग दोन्ही भाषांतला आवाज लावून बघावा. आठव्या शॉटचे दोन सेकंद एखाद्या भाषेत अपुरे पडले, तर अर्धा सेकंद नवव्यातून काढावा. पॅक शॉटला हात लावू नये, कारण नाव वाचून व्हायला चार सेकंद लागतातच.